‘वॉरंटी आहे ना, मग मशीन परत कशाला?’

*वकीलसाहेब, नमस्कार. मी आणि माझे मिस्टर घरी मसाले आणि हळद दळून विकतो. मदतीला एक बाई असते, त्यावरच घर चालतं. दळायचं मशीन घेण्याआधी मी दुकानदाराला व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं की सिंगल फेज आहे, अख्खी हळकुंडं टाकायची आहेत आणि ताशी वीस किलो तरी निघायला हवी. त्याने उत्तर दिलं, ‘ताई, मग हेच पल्व्हरायझर घ्या, बिनधास्त चालेल.’ किंमत ८६,००० रुपये, त्यातले ६०,००० दिले, २६,००० बाकी आहेत. दुकानात त्याने मिरची दळून दाखवली होती. घरी आणल्यावर सुरुवातीला बारा किलो मिरची छान निघाली. हळद टाकली तर ताशी सहा-सात किलोच निघते, पावडर हाताला चटका बसेल इतकी गरम येते, वासही उडतो आणि मोटर ट्रिप होते. मेकॅनिक दोनदा येऊन गेला, कपॅसिटर बदलला, आता म्हणतो हळकुंडं आधी फोडून टाका. शिवाय स्टँडला चाकं लावून देतो म्हणाले होते, तीही नाहीत. मशीन परत घ्या म्हटलं तर दुकानदार बिल दाखवतो. त्यावर छापलंय, ‘एक वर्ष वॉरंटी. विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ मशीन येऊन चोवीस दिवस झाले. पैसे परत मागता येतील का, की दुरुस्तीच करून घ्यावी लागेल?*
*— एक वाचक, वाळवा तालुका*

ताई,

पैसे परत मागता येतील. पण त्यासाठी या आठवड्यातच एक पत्र जायला हवं आणि तोपर्यंत त्या मशीनवर गिऱ्हाइकाचा एक किलोही दळायचा नाही. असं का, ते सांगतो.

दुकानदार ज्याला वॉरंटी म्हणतो ती कंपनीची दुरुस्तीची सोय आहे. वर्षभरात काही बिघडलं तर मेकॅनिक येईल, पार्ट बदलून देईल, एवढाच तिचा अर्थ. ती वेगळी चालू राहते. तुमचा प्रश्न मात्र त्याच्या आधीचा आहे. जे कबूल केलं ते मशीन मुळात दिलं का? याचं उत्तर माल विक्री अधिनियम, १९३० मध्ये आहे. त्यातलं कलम १२ म्हणतं की सौद्यातली कबुली दोन प्रकारची असू शकते. जी कबुली सौद्याच्या मुख्य हेतूलाच धरून असते, ती शर्त. ती मोडली तर सौदाच मोडला असं धरून माल नाकारण्याचा हक्क खरेदीदाराला मिळतो. जी कबुली मुख्य हेतूच्या बाजूला, जोडीला असते, ती हमी, कायद्याच्या इंग्रजीत वॉरंटी. ती मोडली तर नुकसानभरपाई मिळते, माल परत करता येत नाही. कोणती कबुली कुठे बसते हे त्या त्या सौद्यावरून ठरतं. कागदावर तिला ‘वॉरंटी’ म्हटलं असलं तरी ती शर्त असू शकते, असं याच कलमात स्पष्ट लिहिलेलं आहे. तेव्हा बिलावरच्या छापील शब्दाने फार दबून जाऊ नका.

तुमच्या पत्रात दोन्ही प्रकार आहेत, आणि ते वेगळे काढले की पुढचं सोपं होतं.

आधी चाकं. चाकं नसली तरी मशीन दळतंच. चाकं बसवायला गावातला फॅब्रिकेटर, समजा, १,८०० रुपये घेईल. ही बाजूची कबुली, म्हणजे हमी. दुकानदाराकडून १,८०० मागा किंवा बाकी रकमेतून कापा, पण ‘चाकं नाहीत, सबब मशीन परत’ असं म्हणता येणार नाही. हेच जर तुम्ही आधी लिहिलं असतं की दळायची जागा म्हणजे पुढची ओसरी, मशीन रोज सकाळी बाहेर आणि रात्री आत ढकलावं लागतं, चाकं नसतील तर नको, तर तीच चाकं शर्त झाली असती. वस्तू तीच, फरक पडतो तो तुम्ही तिला सौद्यात कुठे ठेवलंत त्याने.

आता हळद. इथे तुम्ही, बहुधा नकळत, फार चांगलं काम करून ठेवलंय. कलम १६ मध्ये मूळ नियम खरेदीदाराच्या विरुद्ध आहे. माल एखाद्या कामाला चालेल की नाही याची जबाबदारी विक्रेत्यावर आपोआप येत नाही, घेणाऱ्याने पाहून घ्यावं. पण त्याला महत्त्वाचा अपवाद आहे. खरेदीदाराने आपलं नेमकं काम विक्रेत्याला कळवलं असेल, त्याच्या माहितीवर आणि अनुभवावर आपण विसंबतोय हे त्यातून दिसत असेल, आणि तसा माल विकणं हा विक्रेत्याचा धंदाच असेल, तर तो माल त्या कामाला बऱ्यापैकी लायक असला पाहिजे ही गर्भित शर्त धरली जाते. ती कुठे लिहिलेली नसली तरी सौद्यात असते. तुमचा मेसेज आणि त्याचं ‘मग हेच घ्या’ हे उत्तर यातून तिन्ही गोष्टी सिद्ध होतात. त्याने मशीन नुसतं विकलं नाही, तुमचं काम ऐकून निवडून दिलं. तुम्ही दुकानात जाऊन अमुक कंपनीचं अमुक मॉडेल द्या, असं नाव घेऊन मागितलं असतं तर हा आधार बराच कच्चा झाला असता, कारण नावावर मागितलेल्या मालाला ही शर्त लागत नाही असंही याच कलमात आहे.

दुकानदाराचा वकील दोन गोष्टी म्हणेल. पहिली, ‘मशीन चालवून दाखवलं होतं, त्यांनी पाहून घेतलं.’ चालवलं खरं, पण मिरचीवर. पाहून घेतलेल्या मालाबद्दलचा जो नियम याच कलमात आहे तो विक्रीलायक दर्जाविषयी आहे, आणि तोही अशा दोषांपुरता की जे त्या तपासणीत दिसायला हवे होते. सुकी मिरची हलकी आणि ठिसूळ असते. उकडून वाळवलेलं हळकुंड दगडासारखं. मिरची सहज निघाली म्हणून अख्खं हळकुंड निघेल की नाही हे कळायला मार्गच नव्हता. दुसरी गोष्ट तो म्हणेल, ‘हळकुंडं फोडूनच टाकायची असतात, हा वापरातला दोष आहे.’ धंद्याच्या दृष्टीने मेकॅनिकचं चूक नाही. लहान मोटरच्या हातोड्यांच्या मशीनवर हळद आधी भरड फोडून घेण्याची पद्धत आहेच. अख्खं हळकुंड टाकलं की मोटरवर लोड येतो, माल चेंबरमध्ये जास्त वेळ फिरतो, तापतो आणि हळदीतलं तेल उडून वास जातो. पण हे त्याने विकण्याआधी सांगायचं होतं. तुम्ही ‘अख्खी’ हा शब्द लिहिला होता, तरीही त्याने बिनधास्त म्हटलं. मेकॅनिकचं आजचं बोलणं तुमच्या विरुद्ध जात नाही, उलट हे मशीन तुम्ही सांगितलेल्या कामाचं नाही याची ती कबुलीच आहे. ते त्याच्याकडून मेसेजवर लिहून आलं तर फारच उत्तम.

आणि बिलावरची ती ओळ. आपला कायदा इंग्लंडच्या १८९३ च्या कायद्यावरून बेतलेला आहे, म्हणून तिथला १९२५ चा एक निकाल आपल्याकडेही वकील अजून सांगतात, बाल्ड्री विरुद्ध मार्शल. गिऱ्हाइकाने गाड्यांच्या विक्रेत्याला सांगितलं होतं की मला लांबच्या फेरफटक्यासाठी आरामशीर गाडी हवी आहे. विक्रेत्याने बुगाटी सुचवली. छापील करारात बारा महिन्यांची गॅरंटी होती आणि त्यापलीकडे कसलीही गॅरंटी किंवा वॉरंटी नाही असं लिहिलं होतं. गाडी फेरफटक्याच्या कामाची निघाली नाही. कोर्ट म्हणालं, त्या कामाला लायक असणं ही शर्त होती, आणि वॉरंटी नाकारणाऱ्या छापील वाक्याने शर्त नाकारली जात नाही. गिऱ्हाइकाला पैसे परत मिळाले. तुमची परिस्थिती जवळपास तीच आहे, फक्त बुगाटीच्या जागी पल्व्हरायझर. कलम ६२ प्रमाणे दोघांनी उघड ठरवून अशा गर्भित शर्ती काढून टाकता येतात हे खरं. पण त्यासाठी तसं ठरलेलं असावं लागतं. सौदा पक्का झाल्यावर हातात ठेवलेल्या बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं वाक्य म्हणजे ठरवणं नव्हे.

एवढं सगळं तुमच्या बाजूचं. आता जिथे अशी प्रकरणं हातची जातात तो भाग, आणि इथे जरा सावकाश वाचा.

शर्त मोडली तरी माल नाकारण्याचा हक्क कायम टिकत नाही. कलम १३ प्रमाणे, सौद्याचे तुकडे पाडता येत नसतील आणि तुम्ही माल ‘स्वीकारला’ असेल, तर मोडलेली शर्तही हमी मोडल्यासारखीच धरावी लागते. म्हणजे मशीन तुमच्या गळ्यात आणि हातात फक्त भरपाई. हा स्वीकार कशाने होतो ते कलम ४२ सांगतं. एक, तुम्ही ‘माल पसंत आहे’ असं कळवलंत. दोन, माल ताब्यात आल्यावर तुम्ही मालकासारखं काही केलंत, जे विक्रेत्याच्या मालकीशी जुळत नाही, जसं मशीन दुसऱ्याला विकणं, गहाण टाकणं, मोटर बदलून घेणं. तीन, वाजवी मुदत उलटेपर्यंत तुम्ही नकार न कळवता माल ठेवून घेतलात. नुसती डिलिव्हरी घेणं म्हणजे स्वीकार नाही. न पाहिलेला माल तपासायला वाजवी संधी मिळेपर्यंत स्वीकार धरत नाहीत, आणि हळद टाकल्याशिवाय तुमची तपासणी पुरी होणारच नव्हती. (१९६३ पर्यंत परिस्थिती याहून वाईट होती. दुकानात बोट दाखवून एखादं ठरावीक मशीन घेतलं आणि त्याची मालकी तुमच्याकडे आली की परत करण्याचा हक्क तिथेच संपायचा. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ते शब्द काढले.)

वाजवी मुदत किती, हे कायदा दिवसांत सांगत नाही. प्रत्येक प्रकरणात ते पुराव्यावर ठरतं. तुमचे चोवीस दिवस मला धोक्याचे वाटत नाहीत, कारण त्यातले बरेच दिवस दुकानदाराच्याच मेकॅनिकची वाट पाहण्यात गेले आणि त्यानेच दुरुस्ती करून पाहतो म्हटलं. पण हे कायम चालणार नाही. पाचव्यांदा कपॅसिटर बदलून, तीन महिने मिरचीच्या ऑर्डरी काढून मग ‘परत घ्या’ म्हणालात तर कोर्ट विचारेल, मग इतके दिवस काय करत होता? पहिली बारा किलो मिरची दोष कळण्याआधीची होती, ती मला भारी वाटत नाही. दोष कळल्यानंतरचं दळण मात्र प्रत्येक किलोला तुमच्या विरुद्ध जाईल. आणि मेकॅनिक जाताना जी सर्व्हिस स्लिप पुढे करतो तिच्यावर ‘मशीन व्यवस्थित चालू’ असं छापलेलं असेल तर तशीच सही करू नका. सहीच्या वर पेनने लिहा, ‘हळद दळून पाहिली, ताशी इतकी किलो निघाली, मोटर ट्रिप झाली.’ तो नको म्हणाला तर सही देऊच नका.

तर आता काय करायचं. एकदाच, नीट, शेवटची चाचणी घ्या. मेकॅनिकला तारीख कळवून बोलवा, तो आला नाही तरी शेजारच्या दोघांना उभं करा. पाच किलो अख्खी हळकुंडं काट्यावर तोला, मोबाइलवर सलग व्हिडिओ चालू ठेवा, त्यात घड्याळ, काटा आणि मोटरवरची पाटी तिन्ही दिसू द्या. ट्रिप झाली की किती मिनिटांनी झाली ते तोंडाने बोला. निघालेली पावडर आणि उरलेली भरड परत तोला. मग मशीन पुसून झाकून ठेवा आणि स्विच काढून टाका. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टने पत्र पाठवा. भाषा साधी चालेल, साधारण अशी:

“अमुक तारखेच्या बिलाने घेतलेलं पल्व्हरायझर तुम्ही माझी लेखी गरज वाचून सुचवलं होतं. ते अख्खी हळकुंडं ताशी वीस किलो दळण्याच्या कामाला लायक नाही. तुमच्या मेकॅनिकने दोनदा प्रयत्न करूनही फरक पडलेला नाही. म्हणून मी हे मशीन नाकारत आहे. ते वापर बंद करून सुरक्षित ठेवलं आहे, तुम्ही सात दिवसांत घेऊन जावं. मी दिलेले ६०,००० रुपये, वाहतुकीचे ३,२०० रुपये आणि व्याज परत द्यावं. बाकी २६,००० रुपये देणं लागत नाही.”

वाहतुकीचा आकडा मी अंदाजाने घातलाय, तुमच्या पावतीवरचा घाला. या पत्रात ‘दुरुस्त करा किंवा परत घ्या’ असं मुळीच लिहू नका. दोन्ही एकदम मागितलं की नकार हा नकार राहत नाही. आणि मशीन टेम्पोत घालून त्याच्या दारात नेऊन टाकायचीही गरज नाही. कलम ४३ प्रमाणे नाकारलेला माल परत पोचवणं खरेदीदारावर बंधनकारक नाही, नकार कळवला की पुरे. नेण्याचा खर्च त्याचा. तुम्ही फक्त ते नीट सांभाळायचं.

आता दुसरी वाट. शर्त मोडली तरी माल नाकारलाच पाहिजे असं नाही. तुम्हाला वाटलं तर ती हमी मोडल्यासारखी धरून मशीन ठेवून घेता येतं, हा निर्णय तुमचा, दुकानदाराचा नाही. मग हिशेब कलम ५९ ने होतो. सांगितल्यासारखं मशीन ८६,००० चं. फक्त मिरची-मसाल्याला चालणारं असं मशीन, समजा, बाजारात ५८,००० ला मिळतं. फरक २८,००० चा. हा फरक तुम्ही किमतीतूनच वळता करू शकता. म्हणजे बाकीचे २६,००० पूर्ण जिरले आणि वर २,००० त्याच्याकडून येणं, शिवाय चाकांचे १,८००. त्याने बाकीसाठी दावा लावला तरी हाच हिशेब तुमचा बचाव होतो. त्यापलीकडे काही नुकसान झालं असेल, उदाहरणार्थ वास उडालेली हळद फेकावी लागली, तर ते वेगळं मागता येतं. गेलेल्या ऑर्डरींचा नफा मात्र तेव्हाच मिळतो, जेव्हा त्या ऑर्डरींचं दुकानदाराला सौद्याच्या वेळी माहीत होतं. तुमच्या मेसेजमध्ये तसं काही दिसत नाही, म्हणून त्यावर भिस्त ठेवू नका.

कोणती वाट घ्यायची? तुमची निम्म्याहून जास्त विक्री मिरची पावडरची असेल आणि हळद बाहेरून फोडून आणायला परवडत असेल, तर २६,००० न देता मशीन ठेवणं हा वाईट सौदा नाही. पण तुम्ही हळदीच्या मुलखात बसून हळदीसाठीच हे घेतलं असणार, असा माझा समज आहे. तसं असेल तर नाकारा. अडकून पडलेलं मशीन जागाही खातं आणि रोज डोकंही.

पत्राला दाद दिली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागत नाही, हे तुम्हाला कोणीतरी सांगेलच. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू या बंदीतून वगळलेली आहे, आणि मदतीला एक-दोन माणसं ठेवल्याने हा फायदा जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात म्हटलं आहे. तक्रारीत ‘पती-पत्नी स्वतः मशीन चालवतो, उपजीविकेचं हेच साधन’ हे वाक्य न चुकता घाला, ते नसल्यामुळे चांगल्या तक्रारी दारातच अडकतात. मालाची किंमत पाच लाखांच्या आत असल्याने तक्रारीला फी नाही. मुदत दोन वर्षांची. २०१९ च्या ग्राहक कायद्यात आणखी एक उपयोगी गोष्ट आहे. सदोष माल परत घ्यायला आणि बिलावरच्या मुदतीत, तशी मुदत नसेल तर तीस दिवसांत, पैसे द्यायला नकार देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तेव्हा ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ तक्रारीसोबत जोडा, ती आता तुमच्या कामाची आहे.

पत्र मिळाल्यावर दुकानदार बहुधा म्हणेल, ‘पैसे नाही, पण मोठं मशीन बदलून देतो.’ ते मान्य करायला हरकत नाही, पण मोठी मोटर बहुतेक थ्री फेजची असेल. तुमच्याकडे सिंगल फेज आहे, म्हणजे महावितरणकडे लोड वाढवून कनेक्शन बदलावं लागेल आणि तो खर्च कोणाचा हे आधी ठरायला हवं. बदलून घेतलं तर तो नवा सौदा आहे. त्या बिलावर पेनाने लिहून घ्या, ‘अख्खी हळकुंडं ताशी वीस किलो, न ट्रिप होता, न जमल्यास मशीन परत आणि पूर्ण रक्कम परत,’ खाली त्याची सही आणि शिक्का. जुनं मशीन मात्र नवं मशीन हळदीवर चालवून पाहिल्याशिवाय टेम्पोत चढवू देऊ नका.